वेटिंग 31 बरं की वेटिंग 9?

दिवाळीला आठवडा उरला की पुण्यात नोकरी करणाऱ्या वैदर्भीयांच्या घरगुती व्हॉट्सअॅप ग्रुपवर फराळाच्या फोटोंच्या आधी तिकिटांचे स्क्रीनशॉट येऊ लागतात. खाली एकच प्रश्न असतो, "होईल का?" मग काका-मामा मंडळी आकड्याकडे पाहून निकाल देतात. नऊ आहे ना? होऊन जातंय, बिनधास्त राहा. एकतीस? कठीण आहे बाबा, बसचं बघा.

हा निकाल बरेचदा उलटा लागतो. नमुन्यादाखल असेच दोन स्क्रीनशॉट शेजारी ठेवू. पहिला एका जोडप्याचा. पुणे-नागपूर सुपरफास्ट, स्लीपर, शुक्रवारी संध्याकाळची गाडी, आणि नावांपुढे `GNWL`, सध्याचा नंबर 31 आणि 32. दुसरा त्यांच्या मावसभावाचा. त्याच संध्याकाळची आझाद हिंद एक्स्प्रेस, थर्ड एसी, `PQWL`, नंबर 9. ग्रुपवर मावसभावाचं अभिनंदन होईल आणि जोडप्याची कीव केली जाईल. रेल्वेची आरक्षणाची पद्धत ज्याला माहीत आहे, तो मात्र मावसभावालाच आधी दुसरी सोय बघायला सांगेल.

याचं कारण आकड्याच्या आधी येणाऱ्या त्या चार अक्षरांत आहे. गाडीतल्या सगळ्या बर्थ एका ढिगात ठेवून, जो आधी येईल त्याला रेल्वे वाटत नाही. त्यांचे वेगवेगळे कोटे पाडलेले असतात. सर्वांत मोठा कोटा गाडी जिथून सुटते तिथून शेवटच्या स्टेशनापर्यंत, किंवा जवळजवळ तेवढ्याच अंतराचा प्रवास करणाऱ्यांचा असतो. त्याची प्रतीक्षा यादी म्हणजे `GNWL`. पुण्याहून सुटून नागपूरला संपणाऱ्या गाडीत पुण्याहून नागपूरला जाणारा या यादीत पडतो. आझाद हिंद मात्र पुढे हावड्यापर्यंत जाते. रेल्वेच्या दृष्टीने नागपूरला उतरणारा प्रवासी अर्ध्या वाटेवर बर्थ सोडणारा. अशा प्रवाशांसाठी मधल्या अनेक स्टेशनांमध्ये मिळून एक लहानसा सामाईक कोटा ठेवलेला असतो, आणि त्याच्या यादीला `PQWL` म्हणतात. ही यादी मुख्यतः त्याच कोट्यातल्या कुणी तिकीट रद्द केलं तर सरकते. कोटाच लहान असल्यामुळे रद्द होणारी तिकिटंही मोजकीच. हावड्याला जाणाऱ्या वीस जणांनी बेत बदलला, तरी आपला मावसभाऊ नऊवरच बसून राहू शकतो.

तिसरी यादी `RLWL`. वाटेतल्या महत्त्वाच्या स्टेशनांना काही बर्थ स्वतंत्रपणे नेमून दिलेल्या असतात, तिथून चढणाऱ्यांची ही यादी. तिचा वेगही `GNWL`पेक्षा कमीच. चौथी `TQWL`, म्हणजे तत्काळची प्रतीक्षा यादी, आणि तिच्यावर भरवसा ठेवण्यात फारसा अर्थ नाही. तत्काळचं कन्फर्म तिकीट रद्द केलं तर पैसे परत मिळत नाहीत, म्हणून ते सहसा कुणी रद्द करत नाही. शिवाय चार्ट करताना शिल्लक राहिलेल्या जागा आधी `GNWL`कडे जातात. कोकणात जाणारे हे गणित कुणी न शिकवता शिकलेले असतात. उतरायचं कुडाळला असलं तरी तिकीट मडगावपर्यंतचं काढतात. भाड्यात थोडा फरक पडतो, पण यादी बदलण्याची शक्यता असते.

आता स्क्रीनशॉट नीट वाचू. सगळ्यात आधी तो कशाचा आहे हे पाहायला हवं, कारण दोन वेगळ्या गोष्टींचे स्क्रीनशॉट फिरत असतात. एक असतो तिकीट काढण्याआधीचा, उपलब्धता दाखवणारा. त्यावर `GNWL64/WL31` असं काहीतरी दिसतं. याचा अर्थ आजवर या यादीत चौसष्टावा नंबर दिला गेला, पण पुढच्यांपैकी काहींनी तिकिटं रद्द केल्यामुळे किंवा त्यांना जागा मिळाल्यामुळे आता येणाऱ्याचा खरा नंबर 31 लागेल. दुसरा असतो `PNR`चा. त्यात प्रत्येक प्रवाशापुढे दोन रकाने असतात. `Booking Status` म्हणजे तिकीट काढलं त्या दिवशीचा नंबर. तो पुढे कधीच बदलत नाही. `Current Status` म्हणजे आत्ताचा. घाईत पुष्कळजण पहिला रकाना वाचतात आणि उगीच घाबरतात.

खाली एक ओळ असते, `Chart Not Prepared` किंवा `Chart Prepared`. दुसरी ओळ दिसली तर शक्यतांची चर्चा संपली, समोर दिसतो तो निकाल. चार्ट होण्याआधीच कुणाच्या नावापुढे नुसतं `CNF` आलं आणि डबा-बर्थ दिसत नसेल, तर काळजीचं कारण नाही. जागा मिळालेली आहे, बर्थचा नंबर चार्टबरोबर येतो. `RAC` आलं तर गाडीत चढायचा हक्क मिळाला, पण साइड लोअरची एक बर्थ दोघांनी वाटून बसायची.

स्क्रीनशॉट कधीचा आहे, हेही महत्त्वाचं. काकांनी पुढे ढकललेलं चित्र परवाचं असू शकतं, आणि शेवटच्या तीन-चार दिवसांत नंबर झपाट्याने बदलतो. दहा आकडी `PNR` हाती असेल तर रेल्वेच्या चौकशी संकेतस्थळावर किंवा 139वर स्वतः तपासायला मिनिटभर लागतं. दलालाने पाठवलेल्या चित्रावर तर तपासल्याशिवाय विश्वास ठेवूच नये, कारण चित्रातली अक्षरं बदलणं आता कुणालाही जमतं. उलट बाजूनेही काळजी हवी. स्वतःचा स्क्रीनशॉट अनोळखी लोकांच्या ग्रुपवर टाकताना `PNR` आणि मोबाइल नंबर झाकावा. रिफंड मिळवून देतो सांगून फोन करणाऱ्या भामट्यांना एवढीच माहिती पुरते.

एका स्क्रीनशॉटवरून आपण कुठे उभे आहोत ते कळतं. किती वेगाने पुढे सरकतो आहोत हे कळायला दोन लागतात. आपल्या जोडप्याने तिकीट काढलं तेव्हा नंबर 64 होता. आगाऊ आरक्षण 1 नोव्हेंबर 2024पासून 120ऐवजी 60 दिवस आधी उघडतं, त्यामुळे सगळी हालचाल याच दोन महिन्यांत होते. समजा, पहिल्या सहा आठवड्यांत नंबर 64वरून 44वर आला, आणि पुढच्या एका आठवड्यात 31वर. सहा आठवड्यांत वीस, मग एका आठवड्यात तेरा. हा वाढत गेलेला वेग पाहण्यासारखा आहे. दोन-दोन तिकिटं काढून ठेवणारे, सुट्टी नामंजूर झालेले, मित्राच्या गाडीतून जायचं ठरवलेले असे सगळे शेवटच्या दिवसांत तिकिटं रद्द करतात. शिवाय पुढे असलेले वेटिंगवाले कंटाळून बाहेर पडतात. त्यांच्यामुळे बर्थ रिकामी होत नाही, पण आपला नंबर पुढे येतोच.

याच वेगाने प्रवासाच्या आदल्या रात्रीपर्यंत आणखी तेरा-चौदा नंबर सरकले तर जोडपं सतरा-अठराच्या आसपास असेल. शेवटचा टप्पा चार्ट करतानाचा. आमदार-खासदार, अधिकारी आणि आणीबाणीच्या प्रवाशांसाठी राखलेला आपत्कालीन कोटा, महिलांचा कोटा, इतर राखीव जागा यांतून जे वापरलं गेलं नाही ते चार्टच्या वेळी `RAC` आणि `GNWL`ला मिळतं. एरवी स्लीपरमध्ये सतरा-अठरा नंबर या टप्प्यात निघून जाणं अजिबात नवल नाही. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी मात्र तेच अर्धंअर्धं धरावं, कारण त्या दिवशी सगळ्यांनाच जायचं असतं आणि राखीव कोटाही भरलेला असतो.

वर्गाचं गणित वेगळं मांडावं लागतं. नव्या एलएचबी बनावटीच्या स्लीपर डब्यात 80 बर्थ असतात आणि गाडीला असे डबे अनेक असतात. थर्ड एसीच्या डब्यात 72. सेकंड एसीत पन्नासच्या आसपास, आणि पुष्कळ गाड्यांना तो डबा एक किंवा दोनच. फर्स्ट एसीच्या पूर्ण डब्यात तर 24. चारशे-पाचशे प्रवाशांमधले तीस जण बेत बदलतील, पण पन्नासांतले तीस बदलणार नाहीत. म्हणून स्लीपरचं वेटिंग 30 आणि सेकंड एसीचं वेटिंग 10 यांत स्लीपरवाल्याने निवांत राहावं. फर्स्ट एसीत दोन-तीन नंबरही अडकून पडतात, कारण आपत्कालीन कोट्याची मागणी तिथेच जास्त.

अॅपवर दिसणाऱ्या टक्केवारीचं काय? तिकीट कन्फर्म होण्याची शक्यता आयआरसीटीसीने 2018पासून आपल्या संकेतस्थळावर दाखवायला सुरुवात केली, आणि खासगी अॅपही ती दाखवतात. हे अंदाज मागच्या तारखांच्या नोंदींवरून बांधलेले असतात. साध्या मंगळवारी ते बरे चालतात. पण त्यांना यंदाची परिस्थिती माहीत नसते. मध्य रेल्वेने सणासाठी विशेष गाडी जाहीर केली की काही प्रवासी तिकडे वळतात आणि जुन्या गाडीची यादी एका दिवसात खाली येते. गाडीला एखादा जादा डबा जोडला तर एका फटक्यात सत्तर-ऐंशी जणांचं काम होतं. यातलं काही होईल असं धरून बसू नये. मात्र त्या आठवड्यात विशेष गाड्यांच्या बातम्यांवर नजर ठेवणं हे टक्केवारी दर तासाला बघण्यापेक्षा उपयोगाचं आहे.

खरी मेख आहे ती घड्याळात. चार्ट पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागायचा. 2025मध्ये रेल्वेने आधी तो आठ तासांवर नेला आणि डिसेंबरात पुन्हा नियम बदलला. आता पहाटे पाचनंतर दुपारी दोनपर्यंत सुटणाऱ्या गाड्यांचा पहिला चार्ट आदल्या रात्री आठपर्यंत, आणि बाकीच्या गाड्यांचा किमान दहा तास आधी. म्हणजे संध्याकाळी सहाच्या गाडीचा निकाल सकाळी आठच्या सुमाराला कळतो. पूर्वी दुपारी दोनला कळायचा आणि हातात चारच तास उरायचे. आता पूर्ण दिवस मिळतो, बस शोधायला तो पुरतो.

पण तत्काळ आरक्षण त्याच्याही आधी होऊन जातं. गाडी सुटण्याच्या आदल्या दिवशी एसीसाठी सकाळी दहाला आणि स्लीपरसाठी अकराला ते उघडतं. आपल्या जोडप्याच्या बाबतीत तत्काळ गुरुवारी अकराला, चार्ट शुक्रवारी आठला. वेटिंगचा निकाल लागेपर्यंत थांबून मग तत्काळ काढू, असा बेत कागदावरच राहतो. हा निर्णय अंदाजावर आणि निकालाच्या जवळजवळ एकवीस तास आधी घ्यावा लागतो. जुलै 2025पासून ऑनलाइन तत्काळसाठी आयआरसीटीसीचं खातं आधारशी पडताळलेलं असणं सक्तीचं झालं आहे, त्यामुळे ते काम गुरुवारी पावणेअकराला करायचं नाही, आठवडाभर आधी उरकायचं.

इथे आणखी एक खाचखळगा आहे. 'आदला दिवस' मोजायचा तो गाडी पहिल्या स्टेशनावरून सुटते त्या तारखेपासून. दिल्लीहून वास्कोला जाणारी गोवा एक्स्प्रेस हजरत निजामुद्दीनहून निघून दुसऱ्या दिवशी पुण्यात येते. पुण्याहून शुक्रवारी ती पकडून गोव्याला जायचं असेल तर तत्काळ गुरुवारी नाही, बुधवारी उघडतं. गुरुवारी सकाळी जागा शोधत बसणाऱ्याला गाडी तोवर निघण्याच्या बेतात आहे हे ध्यानातच येत नाही.

मग जोडप्याने करावं काय? आठवड्याच्या सुरुवातीला आधी एक गोष्ट आपसात ठरवावी, की `RAC` चालेल का. तरुण नवरा-बायकोला एका साइड लोअरवर रात्र काढता येते, त्यामुळे त्यांचं उद्दिष्ट बत्तीस नंबरांनी पुढे सरकण्याचं. बरोबर सत्तरीची आई असेल तर `RAC` म्हणजे न झालेलंच तिकीट समजावं आणि लगेच दुसरी सोय बघावी.

दुसरं, तिकिटाला 'विकल्प' जोडावा. ही रेल्वेचीच सोय आहे. चार्टनंतरही नाव पूर्ण वेटिंगवर राहिलं, तर प्रवाशाने निवडून ठेवलेल्या दुसऱ्या गाडीत जागा असल्यास ती दिली जाते. जादा भाडं नाही, आणि भाड्याचा फरक परतही नाही. तिच्यात एक अट दडलेली आहे. दुसऱ्या गाडीत जागा मिळाली की ते कन्फर्म तिकीट धरलं जातं. मूळ गाडीत चढता येत नाही, आणि जायचं नसेल तर कन्फर्म तिकिटासारखी रक्कम कापली जाते. म्हणून ज्या गाड्यांनी खरोखर जायला तयार आहोत त्याच निवडाव्यात. सगळ्यांवर खूण करून मोकळं होणाऱ्याला चार्टनंतर भलत्याच वेळेची गाडी मिळालेली दिसते.

तिसरा निर्णय बुधवारी रात्रीचा. आदल्या दिवसांचा वेग पाहून तेव्हा नंबर पंधराच्या आत आला असेल, तर सणाचे दिवस असले तरी थांबायला हरकत नाही. विशीच्या वरच रेंगाळत असेल तर गुरुवारी अकराला तत्काळचा प्रयत्न करावा. हे आकडे नियमात लिहिलेले नाहीत, या एका नमुन्याच्या वेगावरून बांधलेला तो ठोकताळा आहे. प्रत्येकाने आपल्या दोन स्क्रीनशॉटवरून आपला काढावा. तत्काळ मिळालं तर जुनं वेटिंगचं तिकीट चार्ट लागण्याआधी रद्द करून टाकावं. वेटिंगचं तिकीट रद्द केल्यावर माणशी 60 रुपयांच्या आसपास कापले जातात. तेच तिकीट मध्येच कन्फर्म झालं आणि आपण गाफील राहिलो, तर कपात बरीच मोठी होते.

आणि मावसभाऊ? त्याने गुरुवारची वाट पाहू नये. थर्ड एसीतलं `PQWL` 9 सणाच्या आठवड्यात जागचं हलत नसेल, तर सोमवारीच बसचं आरक्षण बघावं, तेही रद्द करता येणारं. एसटीचं भाडं ठरलेलं असतं. खासगी गाड्यांचं मागणीप्रमाणे चढतं, पण त्यालाही महाराष्ट्रात 2018पासून मर्यादा आहे. त्याच मार्गावरच्या तशाच एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त घेता येत नाही, आणि घेतलं तर परिवहन खात्याकडे तक्रार करता येते. ऑगस्ट 2025मध्ये पुणे ते अजनी वंदे भारत सुरू झाली, बारा तास बसून जायची तयारी असेल तर तोही पर्याय आहे. मात्र ती पुण्याहून सकाळी साडेसहाच्या आतच सुटते. शुक्रवारी आठला चार्ट पाहून तिच्याकडे धावणाऱ्याला ती सापडणार नाही, हा पर्याय आधीच घ्यायचा असतो.

चार्टनंतरही थोडी दारं उघडी असतात. पहिल्या चार्टनंतर गाडीत रिकाम्या राहिलेल्या जागा 'करंट बुकिंग'मध्ये विकल्या जातात आणि गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधी दुसरा चार्ट होतो. दिवाळीत तिथे काही हाती लागेलच असं नाही, पण शुक्रवारी सकाळी आठ ते दहा या वेळात एकदा त्या मार्गावरच्या सगळ्या गाड्या तपासून पाहाव्यात.

वेटिंग तसंच राहिलं तर काय होतं याबद्दल बरेच गैरसमज आहेत. ऑनलाइन काढलेलं तिकीट चार्टनंतरही पूर्ण वेटिंगवर असेल तर ते आपोआप रद्द होतं आणि पैसे खात्यात परत येतात. ते दाखवून गाडीत बसणारा विनातिकीट ठरतो. खिडकीवर काढलेलं वेटिंगचं तिकीट आपोआप रद्द होत नाही, पण ते घेऊन स्लीपर किंवा एसीच्या डब्यातही बसता येत नाही, फक्त जनरलमध्ये जाता येतं. त्याचे पैसे हवे असतील तर गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत ते रद्द करावं लागतं.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते अर्धवट कन्फर्म झालेल्या तिकिटाचं. एकाच `PNR`वर चौघं असतील आणि चार्टमध्ये दोघांना जागा मिळून दोघं वेटिंगवर राहिले, तर ते ऑनलाइन तिकीट आपोआप रद्द होत नाही. रेल्वेच्या लेखी तो प्रवास चालू आहे. चौघांनाही जायचं नसेल तर गाडी सुटण्याच्या अर्धा तास आधीपर्यंत आयआरसीटीसीच्या खात्यात जाऊन ते रद्द करावं लागतं किंवा टीडीआर, म्हणजे रिफंडचा दावा, भरावा लागतो. कुटुंबाने मोठं तिकीट काढलं असेल तर शुक्रवारी सकाळी चार्ट लागल्यावर फक्त पहिलं नाव बघून फोन खाली ठेवू नका. प्रत्येक नावापुढचा रकाना वाचा, आणि जायचं नाही असं ठरलं तर ती अर्ध्या तासाची मुदत संपायच्या आत दावा भरा.